राईल्स ट्यूबचं फीड : नळी जागेवर आहे हे प्रत्येक वेळी कसं ठरवायचं आणि फीड फुप्फुसात जाण्यापासून कसं वाचवायचं

नाकातून जठरात जाणारी राईल्स ट्यूब घातली, एक्स-रे झाला, डॉक्टरांनी ‘फीड सुरू करा’ असं लिहिलं, की वॉर्डात बहुतेकांच्या मनात तो विषय संपतो. खरं तर तिथून पुढे सिस्टरची जबाबदारी सुरू होते. एक्स-रे सांगतो तो त्या क्षणी नळी कुठे होती एवढंच. त्यानंतर रुग्णाला उबळ येते, उलटी होते, कुशीवर वळवताना नळी ओढली जाते, रात्री गोंधळलेला रुग्ण स्वतःच ती ओढतो. पट्टी नाकावर जशीच्या तशी दिसते आणि नळीचं टोक मात्र अन्ननलिकेत वर सरकलेलं असतं. म्हणून पुढचं सगळं एका मुद्द्याभोवती आहे : नळी जागेवर आहे हे दर फीडआधी नव्याने सिद्ध करायचं, आणि ती जागेवर असली तरी रुग्णाची श्वसनमार्गाची सुरक्षा वेगळी सांभाळायची.

समजण्यासाठी एक रुग्ण डोळ्यांसमोर ठेवू. अर्धांगाचा झटका आलेले ६८ वर्षांचे आजोबा, वजन ६२ किलो. झटक्याला दोन दिवस झाले आहेत, जागे आहेत पण बोलणं अडखळतं आहे. पाण्याचा घोट दिला की ठसका लागतो, म्हणून तोंडाने काहीही द्यायचं नाही असं ठरलं आहे. पँटोप्राझोल चालू आहे. हा तपशील लक्षात ठेवा, कारण त्याने पुढे पीएचची चाचणी बिघडते.

नळी घालताना

मोठ्या माणसासाठी साधारण १४ किंवा १६ फ्रेंचची नळी वापरतात. वॉर्डात नेहमी मिळणारी राईल्स ट्यूब पीव्हीसीची आणि सुमारे १०५ सेंमी लांब असते, टोक बंद आणि त्याच्या थोडं वर बाजूला भोकं. नळीवर ५०, ६० आणि ७० सेंमीच्या खुणा असतात. खुणा कशा छापल्या आहेत हे कंपनीनुसार बदलतं, म्हणून पाकीट उघडल्यावर एकदा पाहून घ्यावं.

लांबी मोजायची ती नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. आजोबांची लांबी आली ५६ सेंमी. नळीवर ५६ ची छापील खूण नाही, म्हणून ५६ वर मार्करने स्पष्ट रेघ मारायची. नळी बसल्यावर नाकपुडीपासून बाहेर राहिलेल्या भागाची लांबीही टेपने मोजून लिहून ठेवायची. रेघ कधी पट्टीखाली झाकली जाते, कधी घामाने पुसली जाते. अशा वेळी बाहेरच्या लांबीचा आकडा तुम्हाला वाचवतो.

ही मोजणी अंदाज देते. उंच किंवा वेगळ्या बांध्याच्या माणसात तेवढ्याच लांबीवर टोक जठराच्या तोंडाशीच राहू शकतं, आणि तसं झालं की वरची भोकं अन्ननलिकेत उघडतात. बाजूच्या भोकांसह सगळं टोक जठरात असणं गरजेचं आहे. म्हणूनच मोजमाप झालं तरी पुढची खात्री सुटत नाही.

आजोबांना बसतं करून, मानेला उशीचा आधार देऊन, हनुवटी किंचित छातीकडे झुकवायची. नळी घशापर्यंत गेली की सांगायचं, “आजोबा, आता थुंकी गिळल्यासारखं करा.” गिळणं बिघडलेल्या रुग्णाला पाण्याचे घोट द्यायचे नाहीत, एरवी दिले जातात तरी इथे नाही. घालताना खोकल्याची उबळ, श्वास लागणं किंवा ऑक्सिजनची पातळी घसरणं यापैकी काहीही झालं तर थांबून नळी काढायची. जोर लावून पुढे ढकलायची नाही. पण शांत राहिलेला रुग्ण सुरक्षित आहे असंही मानू नये. झटक्याच्या किंवा गुंगीतल्या रुग्णाची खोकल्याची प्रतिक्रिया मंद असते, त्यामुळे नळी श्वासनलिकेत गेली तरी तो शांत पडून असतो. शेवटी टॉर्चने घसा बघायचा. नळी तोंडात गुंडाळली गेली असेल तर ती तिथेच दिसते.

चेहऱ्याच्या किंवा कवटीच्या तळाच्या हाडाला मार लागलेला असेल, तर नाकातून नळी डॉक्टरांच्या स्पष्ट सांगण्याशिवाय घालायची नाही.

हवा फुंकून ऐकणं हा पुरावा नाही

पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचा, सिरिंजने हवा सोडायची आणि ‘बुडबुड’ आवाज ऐकला की नळी आत आहे म्हणायचं, ही रीत आजही अनेक वॉर्डांत चालते. अनुभवी सिस्टरही ती करतात, कारण त्यांना तशीच शिकवली गेली. पण नळीचं टोक अन्ननलिकेत किंवा डाव्या फुप्फुसाच्या तळाशी असतानाही तोच आवाज पोटावर ऐकू येतो, कारण आवाज त्या ठिकाणाहून पोटापर्यंत सहज पोहोचतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने २००५ मध्ये दिलेल्या सूचनेत ही पद्धत वापरू नये असं स्पष्ट सांगितलं, आणि नळी चुकीच्या जागी असताना फीड देणं हा तिथे कधीच घडू नये अशा घटनांमध्ये मोजला जातो. नळीचं बाहेरचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का पाहणं, किंवा नुसता ओढलेल्या द्रवाचा रंग बघणं, यावरही विसंबू नये.

पुरावे दोनच : जठरातून ओढलेल्या द्रवाचा पीएच आणि एक्स-रे.

पीएच पाहायला ०.५ ते १ मिली द्रव पुरतो. नळी बसवल्यावर लगेच पाणी घालायचं नाही, कारण पाणी द्रवात मिसळून आकडा बदलतं आणि नळी चुकीच्या जागी असेल तर ते थेट फुप्फुसात जाऊ शकतं. मोठ्या सिरिंजने सावकाश ओढा. द्रव पट्टीवर पडला की पाकिटावर लिहिलेल्या वेळात रंग वाचायचा. त्यासाठी पीएचची पट्टीच लागते. साधा निळा-लाल लिटमस चालत नाही, कारण तो आम्ल आहे की नाही एवढंच सांगतो, आकडा देत नाही. शक्यतो अर्ध्या अंकाच्या टप्प्यांत रंग दाखवणारी पट्टी घ्यावी.

पीएच ५.५ किंवा त्याहून कमी आला, तर द्रव जठरातला आहे असं धरून फीड देता येतं. आकडा ५ ते ६ च्या आसपास असेल तर दुसऱ्या सिस्टरकडून रंग वाचून घ्यावा, कारण या पट्ट्यात दोन माणसांची नजर एकमेकांपेक्षा वेगळी पडते. फुप्फुसातले स्राव आणि लहान आतड्यातला द्रव यांचा पीएच बहुधा ६ किंवा त्याच्या वर असतो. म्हणून ५.५ च्या पुढचा आकडा आला, की ‘चालेल, बहुतेक औषधामुळे असेल’ असं म्हणायचं नाही. फीड थांबवून खात्री करायची.

आजोबांच्या बाबतीत पँटोप्राझोलमुळे जठरातलं आम्ल कमी होतं, त्यामुळे नळी योग्य जागी असतानाही पीएच ६ च्या पुढे येऊ शकतो. नुकतं दिलेलं फीडसुद्धा आम्ल सौम्य करतं, म्हणून फीड संपून निदान एक तास गेल्यावर पीएच पाहावा. याची उलटी बाजूही लक्षात ठेवायची : जठराचं आम्ल वर चढलेलं असेल तर अन्ननलिकेत टोक असतानाही पीएच कमी येतो. पीएचचा आकडा बरोबर आणि बाहेरची लांबी बदललेली, असं दोन्ही दिसलं तर लांबीवर विश्वास ठेवा.

द्रवच आला नाही, तर घाईने ‘नळी कोरडी आहे’ असं ठरवू नये. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून १५ ते ३० मिनिटं थांबा, म्हणजे टोक द्रवात बुडतं. नळीत १० ते २० मिली हवा सोडून भोकाला चिकटलेली भिंत सुटते का बघा आणि पुन्हा ओढा. तरीही न आल्यास ज्याने नळी घातली त्याच्याशी बोलून ती १० ते २० सेंमी पुढे किंवा मागे करून पुन्हा ओढून बघता येतं. इथली हवा फक्त द्रव मोकळा करायला आहे, आवाज ऐकायला नव्हे. एवढं करूनही द्रव नाही, तर पुढचं पाऊल एक्स-रे.

एक्स-रे वाचताना काय पाहतात

एक्स-रे वाचणं हे डॉक्टरांचं काम आहे, पण सिस्टरला काय बघायचं ते माहीत असलं की ‘कोणी पाहिला, कधी पाहिला’ असं ती विचारू शकते. चार गोष्टी बघायच्या असतात. नळी अन्ननलिकेच्या मार्गाने सरळ खाली येते का, की श्वासनलिकेच्या फांदीसारखी वळते? श्वासनलिका जिथे दोन भागांत विभागते, तिथे नळी बरोबर मधोमध जाते का? डायफ्रामला ती मध्यरेषेवर पार करते का? आणि टोक डाव्या डायफ्रामच्या खाली स्पष्ट दिसतं का? चारही गोष्टींची उत्तरं हो असतील तरच फीड. शेवटचं टोक एक्स-रेच्या कडेबाहेर कापलं गेलं असेल, तर तो एक्स-रे पुरेसा नाही, पुन्हा काढावा लागतो.

एक्स-रेवर रुग्णाचं नाव, तारीख आणि वेळ बघायची, कारण जुन्या फिल्मवर नजर जाऊन फीड सुरू झाल्याचे प्रसंग नोंदले गेले आहेत. चुकीच्या जागच्या नळीच्या घटनांत एक्स-रे चुकीचा वाचला जाणं हे वारंवार आढळलेलं कारण आहे. पहिल्या फीडआधी डॉक्टरांनी केस पेपरवर ‘नळी जठरात आहे, फीड देता येईल’ असं सही, तारीख आणि वेळेसह लिहिलं असावं. तोंडी निरोपावर फीड सुरू करू नये. रात्री एक्स-रेची सोय नसेल, तर खात्रीशिवाय फीड देण्यापेक्षा सकाळपर्यंत थांबणं रुग्णाच्या हिताचं असतं. तोवर पाणी आणि साखर सलाईनमधून कशी द्यायची ते डॉक्टरांना विचारून घ्यावं. आजोबांचा पीएच ६.५ आला, म्हणून एक्स-रे काढला, नळी डायफ्रामखाली होती, टोक दिसत होतं. फीडला परवानगी लिहिली गेली.

दर फीडआधीची तपासणी

दिवसात सहा फीड असतील तर हे सहा वेळा. आधी बाहेरची लांबी मोजा आणि नोंदीशी जुळवा. टॉर्चने तोंडात पाहा. द्रव ओढून पीएच बघा. पीएच औषधामुळे नेहमीच चढा येणारा रुग्ण असेल, तर एक्स-रेनंतर नोंदलेली लांबी हा तुमचा मुख्य आधार. लांबी जशीच्या तशी, उलटी-ठसका काही नाही, श्वास आणि ऑक्सिजन नेहमीसारखे, आणि द्रवाचा पीएच व रूप त्याच्या नेहमीच्या नमुन्याशी जुळतं, असं सगळं जमून आलं तर पुढे जायचं. आपल्या रुग्णालयाचा लेखी नियम असेल तर तोच पाळायचा. मनात शंका आली तर फीड थांबवा, सिस्टर-इन-चार्जला आणि डॉक्टरांना सांगा.

समजा संध्याकाळच्या फीडच्या वेळी सिस्टरने पाहिलं : मार्करची रेघ नाकपुडीपासून ८ सेंमी बाहेर आली आहे, म्हणजे नळी आता ४८ सेंमीवर आहे. पट्टी घट्टच दिसत होती. आजोबांना दुपारी दोनदा खोकल्याची जोरदार उबळ आल्याची नोंद होती. अशा वेळी नळी पुन्हा ५६ वर ढकलून फीड सुरू करणं ही मोठी चूक ठरते, कारण ढकलताना टोक कुठे वळलं हे कळत नाही. योग्य क्रम असा : फीड नाही, नळीला टोपण, डॉक्टरांना कळवणं, नळी पुन्हा नीट बसवणं आणि नव्याने एक्स-रे. वेळ जातो, पण एक चुकलेलं फीड भरून काढता येतं, फुप्फुसात गेलेलं फीड भरून काढता येत नाही.

नळी नुसती पट्टीने नाकावर दाबून बसवू नये. नाकपुडीच्या कडेवर दाब पडला की काही दिवसांत तिथे जखम होते. नळी नाकाच्या मधोमध सरळ खाली येऊन मग गालाकडे वळेल अशी पट्टी लावावी. ती रोज बदलावी, त्वचा पुसून कोरडी करावी आणि पट्टीची जागा थोडी सरकवावी.

फीड देताना

प्रथम डोकं वर. पलंगाचा वरचा भाग ३० ते ४५ अंश वर असावा, आणि हे फीड देताना तसंच संपल्यावर निदान ३० ते ६० मिनिटं. अंदाज फसवा असतो. अनेक पलंगांच्या बाजूला कोन दाखवणारी खूण असते, ती पाहावी. कोन बरोबर ठेवूनही रुग्ण खाली घसरला की छाती आणि पोट दुमडलं जातं आणि जठरावर दाब येतो. म्हणून आधी गुडघ्यांखालचा भाग थोडा उचलावा, मग डोकं वर करावं. त्यामुळे घसरणं बरंच कमी होतं. मणक्याच्या दुखापतीमुळे असं बसवता येत नसेल, तर पूर्ण पलंगच डोक्याकडून तिरका करण्याबद्दल डॉक्टरांना विचारावं.

एवढं करूनही एक घोटाळा होतो : घरचे लोक. फीड संपल्यावर नातेवाईक म्हणतात, “सिस्टर, त्यांची मान दुखते, म्हणून पलंग खाली केला.” म्हणून आधीच समजावून सांगणं बरं : “काकू, जेवण झाल्यावर तासभर त्यांना असंच बसतं ठेवा. झोपवलं तर पोटातलं वर येऊन छातीत जाऊ शकतं. मान दुखली तर मला हाक मारा, मी उशी लावून देते.” कारण सांगितलं की बहुतेक नातेवाईक पाळतात, नुसती मनाई केली की विसरतात.

फीडआधी ३० मिली पाण्याने नळी धुवा. सिरिंजची नळकांडी नळीला लावा, नळी चिमटा किंवा क्लिपने बंद धरा, फीड ओता, मग सोडा. फीड गुरुत्वाने जाऊ द्यायचं. वेग उंचीने ठरतो : नळकांडी पोटापेक्षा सुमारे ३० ते ४५ सेंमी वर धरली की बऱ्यापैकी सावकाश जातं. २०० ते २५० मिली फीडला साधारण २० ते ३० मिनिटं द्यावीत. दांडा लावून ढकलू नये, कारण एकदम भरलेलं जठर वर उसळतं. नळकांडी रिकामी होण्याआधीच पुढचं ओतावं, नाहीतर हवा जाते आणि पोट फुगतं. फीड फ्रीजमधून काढलेलं गार देऊ नये. शेवटी पुन्हा ३० मिली पाणी. नळी नंतर टोपणाने बंद करायची.

आजोबांचं प्रमाण असं निघतं : २५ किलोकॅलरी प्रतिकिलो धरले तर ६२ × २५ = १५५० किलोकॅलरी. १ मिलीला १ किलोकॅलरी देणाऱ्या फीडने २५० मिलीचे सहा फीड, म्हणजे १५०० मिली. सुरुवात १०० मिलीने, सहन झालं तर १५०, २०० असं एक-दोन दिवसांत वाढवत. पाण्याचा हिशेब हा बहुतेकदा राहून जातो. अशा फीडमध्ये सुमारे ८५ टक्के पाणी असतं, म्हणजे १२७५ मिली. धुण्याचं पाणी सहा फीडना ६० मिलीप्रमाणे ३६०. औषधांबरोबर साधारण १०० मिली. बेरीज १७३५. दिवसाची गरज ३० मिली प्रतिकिलोने १८६०. म्हणजे सुमारे १२५ मिली कमी पडतं, ते ६० मिलीच्या दोन जादा फ्लशमधून देता येतं. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशेब डॉक्टर बदलतील. घरी केलेल्या पातळ पेजेत किंवा डाळीच्या पाण्यात एवढी ऊर्जा कधीच नसते. भांडं भरून गेलं तरी रुग्ण उपाशीच राहतो, म्हणून घरच्या फीडची कृती आहारतज्ज्ञांकडून मोजून घ्यावी.

श्वसनमार्ग कशाने वाचतो

फुप्फुसात जाणारी गोष्ट नेहमी फीडच असते असं नाही. झटक्याच्या रुग्णाची लाळ घशात साचते, तोंडातले जंतू तिच्याबरोबर खाली उतरतात. नळी अगदी योग्य जागी असली तरी न्यूमोनिया होतो, त्याचं हे एक मोठं कारण आहे. म्हणून दिवसातून निदान दोनदा मऊ ब्रशने दात आणि जीभ स्वच्छ करणं हे फीडइतकंच महत्त्वाचं काम आहे. साचलेली लाळ सक्शनने काढावी. छातीचा व्यायाम, खोल सक्शन, स्पंजिंग, चादर बदलणं अशा सपाट झोपवायला लागणाऱ्या किंवा उबळ आणणाऱ्या कामांची वेळ फीडआधी ठेवावी. फीडनंतर लगेच सक्शन केलं तर उबळीने पोट रिकामं होतं, आणि तेही वरच्या दिशेने. श्वासनलिकेत नळी असलेल्या रुग्णात त्या नळीच्या फुग्याचा, म्हणजे कफचा दाब २० ते ३० सेंमी पाणी या पातळीत असल्याची खात्री असावी.

प्रत्येक फीडआधी पोटातलं उरलेलं ओढून मोजणं पूर्वी सर्रास चालायचं. आता सर्व रुग्णांत सरसकट मोजणं गरजेचं मानत नाहीत, कारण त्याने न्यूमोनिया कमी होत नाही आणि फीड मात्र विनाकारण थांबतं. मोजायचं ठरलेलं असेल, तर ५०० मिलीपेक्षा जास्त असल्यास फीड थांबवून डॉक्टरांशी बोलायचं. त्याहून कमी असेल तर पोट फुगलेलं, ताणलेलं किंवा दुखरं आहे का, मळमळ आहे का, हे पाहायचं. ओढलेला द्रव हिरवा, कॉफीच्या गाळासारखा किंवा लाल असेल, तर तो पुन्हा आत घालायचा नाही, कळवायचं.

फुप्फुसात गेल्याचा संशय कधी घ्यायचा? फीडदरम्यान खोकला, घुरघुर, ओला आवाज, श्वास जलद होणं, ऑक्सिजन घसरणं, किंवा सक्शनमध्ये फीडच्या रंगाचा स्राव. झटक्याच्या रुग्णात खोकला न येताच फक्त ऑक्सिजन ९६ वरून ९० वर येऊ शकतो, आणि काही तासांनी ताप. अशा वेळी क्रम : फीड ताबडतोब बंद, नळी क्लिप, डोकं वर आणि चेहरा एका बाजूला, तोंड-घशातलं सक्शन, ऑक्सिजन, डॉक्टरांना हाक. नळी जागेवर आहे की नाही हे ठरेपर्यंत तिच्यातून काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही.

नेहमी भेटणाऱ्या अडचणी

नळी बंद पडते ती बहुतेकदा औषधांमुळे. गोळ्या वाटून एकत्र दिल्या की एकमेकांत चिकटतात. प्रत्येक औषध वेगळं, १५ मिली पाण्यात पूर्ण विरघळवून किंवा बारीक करून, आणि दोन औषधांमध्ये १० ते १५ मिली पाणी असं द्यावं. फीडमध्ये औषध मिसळू नये. आतड्यात विरघळण्यासाठी लेप असलेली आणि सावकाश सुटणारी गोळी कुटायची नाही. आजोबांना रोज एस्पिरिन लागतं, ती गोळी अनेकदा अशा लेपाची असते, म्हणून पाण्यात विरघळणारी मागावी. पँटोप्राझोलच्या गोळ्याही लेपाच्याच असतात, म्हणून नळीतून दुसरा प्रकार लिहून घ्यावा. फेनिटॉइन फीडला चिकटतं आणि त्याचं स्वतःचं शोषण कमी होतं, म्हणून त्याच्या आधी आणि नंतर एक-दोन तास फीड थांबवायचा नियम अनेक ठिकाणी आहे. तो डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. बंद नळीत जोर लावायला छोटी सिरिंज वापरू नका, तिचा दाब मोठीपेक्षा जास्त असतो आणि नळी फाटते. ५० किंवा ६० मिलीच्या सिरिंजने कोमट पाणी, हलक्या हाताने पुढे-मागे करावं. कोल्ड्रिंक टाळा, आम्लामुळे फीडमधलं प्रथिन गोठून अडथळा आणखी घट्ट होऊ शकतो. नळीत तार घालून ढकलणं तर कधीच नाही. न सुटल्यास नळी बदला, आणि बदलली की पडताळणी पुन्हा पहिल्यापासून.

जुलाब लागले की सगळे फीडला दोष देतात. आधी औषधांची यादी पाहा : सॉर्बिटॉल असलेली गोड सिरप, अँटिबायोटिक, मॅग्नेशियमयुक्त औषधं. मग फीड कसं हाताळलं जातं ते पाहा. घरी किंवा स्वयंपाकघरात वाटून केलेलं फीड खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. कालवलेलं पावडरचं फीड साधारण चार तासांत संपवावं, आणि फ्रीजमधलंही २४ तासांनंतर टाकून द्यावं. फीड फार जलद किंवा घट्ट जात आहे का तेही तपासावं. अँटिबायोटिकनंतर ताप, पोटदुखी आणि वारंवार जुलाब असतील तर शौचाची तपासणी डॉक्टर सुचवतील. घाईने फीड बंद करणं हा उपाय नव्हे.

मधुमेही रुग्णात एक धोका लपलेला असतो. इन्सुलिन दिलं आणि नळी सरकली, म्हणून फीड थांबलं. साखर मात्र खाली जातच राहते. म्हणून फीड रद्द झालं की लगेच साखर तपासा आणि इन्सुलिनबद्दल डॉक्टरांना विचारा.

फार दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेला, अगदी खंगलेला रुग्ण आला, तर एकदम पूर्ण फीड देणं धोक्याचं आहे. उपाशी शरीर एकाएकी साखर वापरू लागलं, की फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रक्तातून पेशींमध्ये ओढले जातात, त्यातून दम, अशक्तपणा आणि हृदयाची लय बिघडते. दहा दिवसांपेक्षा जास्त उपवास झाला असेल किंवा बॉडी मास इंडेक्स १६ पेक्षा कमी असेल, तर डॉक्टर सुरुवात सुमारे १० किलोकॅलरी प्रतिकिलो प्रतिदिन एवढ्यावरच करतात. ४० किलोच्या आजींना म्हणजे पहिल्या दिवशी फक्त ४०० किलोकॅलरी. थायमिन फीडआधी सुरू होतं आणि ही तीनही क्षारांची तपासणी पहिले काही दिवस रोज लागते. सिस्टरने इथे पाहायचं ते श्वासाची गती, सूज, नाडी आणि वजन.

पीव्हीसीची राईल्स ट्यूब जठरातल्या आम्लाने कडक होत जाते, म्हणून साधारण ७ ते १० दिवसांत बदलायची, किंवा पाकिटावर लिहिलेल्या मुदतीनुसार. महिनाभर फीड लागणार असेल असं दिसलं तर मऊ पॉलियुरेथेनच्या नळीबद्दल किंवा पोटातून थेट जठरात जाणाऱ्या नळीबद्दल लवकर बोलणं बरं.

हँडओव्हरला नोंद एवढी असावी : ‘डावी नाकपुडी, १६ फ्रेंच, ५६ सेंमीवर, बाहेरची लांबी ४९ सेंमी. एक्स-रे तपासला सकाळी १०.२०, फीडला लेखी परवानगी. दुपारी २ चा पीएच ६.५, पँटोप्राझोल चालू. लांबी तीच, २५० मिली फीड २५ मिनिटांत, ३० मिली फ्लश दोनदा. डोकं ४० अंश. दोन वेळा तोंडाची स्वच्छता. उलटी, खोकला नाही. ऑक्सिजन ९७.’ पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरने हे वाचून रुग्णापाशी जाऊन बाहेरची लांबी स्वतः टेपने मोजायची, आणि ४९ चा आकडा आला की मगच फीडची नळकांडी हातात घ्यायची.